तोंडातील कॅन्डिडा आणि रक्तातील कॅन्डिडा : नागपुरातील एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

काटोल तालुक्यातील ५६ वर्षांचे एक संत्रा बागायतदार पोटात अचानक उठलेल्या असह्य वेदनेमुळे नागपुरातील एका खासगी रुग्णालयात दाखल झाले. बाराव्या दिवशी घेतलेल्या त्यांच्या रक्ताच्या नमुन्यात कॅन्डिडा हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढले. दाखल होण्यापूर्वी दोन महिने त्यांच्या तोंडात पांढरा थर येत होता, त्यामुळे मुलाने साहजिकच विचारले, "डॉक्टरसाहेब, बाबांच्या तोंडातलीच बुरशी रक्तात उतरली का?" या रुग्णापुरते त्याचे उत्तर 'नाही' असे निघाले. ते कसे निघाले, आणि मग रक्तातील यीस्ट आले कोठून, हे या प्रकरणातून सविस्तर पाहता येते. अशा रुग्णांमध्ये नेहमी दिसणारा घटनाक्रम येथे एका रुग्णावर बेतून मांडला आहे आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील ठेवलेला नाही.

तोंडातील थर

रुग्णाला अकरा वर्षांपासून मधुमेह होता आणि दम्यासाठी ते स्टिरॉइडचा पंप घेत. पंप घेतल्यावर चूळ भरायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वरच्या जबड्याची कवळी ते रात्रीही काढत नसत. गावातील डॉक्टरांनी दिलेल्या क्लोट्रिमॅझोलच्या औषधाने थर आठवडाभरात जाई आणि औषध थांबले की परत येई. दाखल झाल्यावर केलेल्या तपासणीत त्यांचे एचबीए१सी १०.४ टक्के होते, म्हणजे मागील तीन महिने साखर सतत बरीच वाढलेली होती. एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह होती.

दाखल झाल्याच्या दिवशीच तोंडाचा नमुना घेतला गेला. गालाच्या आतील बाजूस दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके होते. लाकडी चमच्याने खरवडल्यावर ते सुटले आणि खाली लाल, किंचित रक्त येणारा पृष्ठभाग दिसला. थर खरवडून निघतो की नाही, हे पाहणे महत्त्वाचे असते, कारण तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात आढळणारा ल्युकोप्लाकियाचा पांढरा चट्टा असा निघत नाही आणि त्याची वाट वेगळ्या तपासणीकडे जाते. कवळीखालच्या टाळूवर मात्र पांढरे काहीच नव्हते, फक्त कवळीच्या आकाराची लाली होती. तोही कॅन्डिडाचाच प्रकार आहे, पण पांढरा थर नसल्याने तो अनेकदा नजरेतून सुटतो.

खरवडलेला थर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा गोल, कोंब फुटलेल्या पेशींबरोबर लांब तंतूही दिसले. हा थर नेमका कशाचा, याचे उत्तर त्या तंतूंत आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात असते. तेथे ते बहुधा गोल पेशींच्या रूपात, कमी संख्येने आणि कोणालाही त्रास न देता राहते. संख्या वाढली आणि भोवतालची परिस्थिती अनुकूल झाली की त्या पेशींना तंतू फुटतात. तंतूंच्या पृष्ठभागावरील प्रथिने तोंडाच्या आवरणपेशींना घट्ट चिकटतात आणि तंतू त्या पेशींत शिरतो. शिरलेला तंतू कॅन्डिडालायसिन नावाचे ३१ अमिनो आम्लांचे एक लहान विष सोडतो आणि त्याने पेशीच्या आवरणाला छिद्रे पडतात. हे विष २०१६ मध्ये प्रथम वर्णिले गेले, आणि निरुपद्रवी यीस्ट ऊतींना इजा कशी करते या जुन्या प्रश्नाला त्यामुळे बरेच ठोस उत्तर मिळाले.

तोंडात या तंतूंना रोखून धरण्याचे मुख्य काम टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींच्या एका गटाकडे असते. टीएच१७ नावाच्या या पेशी आयएल-१७ हा संदेश सोडतात आणि त्या संदेशावर आवरणपेशी सूक्ष्मजीवनाशक प्रथिने तयार करतात. लाळही स्वतःच्या प्रथिनांनी हातभार लावते. पंपातील स्टिरॉइडने या रुग्णाच्या तोंडातील संरक्षण तेवढ्या जागेपुरते दाबले होते, रक्तातील आणि लाळेतील वाढलेल्या साखरेने यीस्टला खाद्य मिळत होते, आणि कवळीखाली लाळ पोहोचत नव्हती. थर वारंवार का येत होता याचे उत्तर एवढेच होते. औषध बदलत राहण्यापेक्षा पंपानंतर चूळ, रात्री कवळी पाण्यात आणि साखरेवर नियंत्रण, या तीन गोष्टींनी तो थांबला असता, असे मला वाटते. रुग्णालयात निस्टॅटिनचे द्रावण सुरू झाले आणि पाचव्या दिवसापर्यंत तोंड बरेचसे स्वच्छ झाले.

पोटातील घटना

वेदनेचे कारण ड्युओडिनम या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील फुटलेला अल्सर हे होते. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ते कित्येक महिने खात होते. पहिल्या दिवशी शस्त्रक्रिया करून छिद्र बुजवण्यात आले आणि सेफ्ट्रायॅक्सोन व मेट्रोनिडॅझोल सुरू झाले. पाचव्या दिवशी पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून पित्तमिश्रित द्रव येऊ लागला, ताप चढला आणि टाके गळत असल्याचे स्पष्ट झाले. त्याच रात्री दुसरी शस्त्रक्रिया झाली. पोट धुऊन काढले, पुढे लागेल म्हणून जेजुनम या लहान आतड्याच्या पुढच्या भागात आहार देण्याची नळी बसवली, मानेतील मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन नावाची प्लास्टिकची नळी घातली आणि प्रतिजैविक बदलून मेरोपेनेम दिले. आतडे काही दिवस हालचाल करीत नसल्याने सहाव्या दिवसापासून पोषण पूर्णपणे शिरेतून देण्यात येऊ लागले. रुग्ण तीन दिवस व्हेंटिलेटरवर होते.

आठव्या दिवशी तीन अहवाल हाती आले. श्वासनलिकेतील स्रावात कॅन्डिडा, लघवीत कॅन्डिडा, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटातून घेतलेल्या द्रवात ई. कोलाय हे जीवाणू व 'यीस्टच्या काही वसाहती'. हे तिन्ही अहवाल दिसायला सारखे असले तरी त्यांचे वजन सारखे नव्हते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या स्रावात कॅन्डिडा सापडणे नेहमीचे असते. त्यातून कॅन्डिडाचा खरा न्यूमोनिया जवळजवळ कधीच निघत नाही आणि त्यासाठी औषध देऊ नये. लघवीतील कॅन्डिडा बहुधा कॅथेटरवर बसलेले असते. रुग्णाला त्रास नसेल तर कॅथेटर काढणे किंवा बदलणे पुरते, आणि येथे तसेच केले गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी थेट पोटातून घेतलेल्या द्रवातील यीस्टची गोष्ट मात्र वेगळी आहे. कित्येक दिवस आत असलेल्या ड्रेनमधील द्रवात ते आढळले असते, तर नळीवर वाढलेले म्हणून सोडून देता आले असते. उघड्या पोटातून ताजा घेतलेला द्रव तशी सवलत देत नाही. टाके गळून दुसऱ्यांदा पोट उघडावे लागलेल्या, अतिदक्षता विभागातील मधुमेही रुग्णाच्या पोटात यीस्ट सापडते, तेव्हा त्याच दिवशी बुरशीविरोधी औषध सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे सर्वांचे लक्ष ई. कोलायकडे गेले. त्यावर मेरोपेनेम चालत होते, आणि अहवालातील दुसरी ओळ तशीच राहिली.

बारावा दिवस

दोन दिवस ताप नव्हता. बाराव्या दिवशी दुपारी तो १०१.८ फॅरनहाइटवर गेला, रक्तदाब ९०/६० झाला, पांढऱ्या पेशी १९,००० वर पोहोचल्या आणि प्लेटलेट घसरू लागल्या. सीटी स्कॅनमध्ये पोटात नवा पू किंवा गळती दिसली नाही. उत्तम प्रतिजैविक चालू असताना पुन्हा चढलेला हा ताप जीवाणूंचा आहे की यीस्टचा, हे केवळ रुग्णाकडे पाहून ओळखता येत नाही, कारण दोन्हींत चित्र सारखेच असते.

अशा वेळी उपयोगी पडणारा एक साधा हिशेब स्पेनमधील अतिदक्षता तज्ज्ञांनी २००६ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेला एक गुण, शिरेतून पूर्ण पोषणाला एक, एकाहून अधिक ठिकाणी कॅन्डिडा आढळल्यास एक, आणि तीव्र सेप्सिसला, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याला, दोन. एकूण तीन किंवा अधिक गुण झाले तर खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गाचा गंभीरपणे विचार करावा लागतो. या रुग्णाला पाचपैकी पाच गुण पडत होते. या हिशेबाचा खरा उपयोग कमी गुण असलेल्यांना अनावश्यक औषधापासून वाचवण्यात आहे, पाच गुण म्हणजे निदान नव्हे. तरीही रक्तदाब घसरलेला असताना अहवालाची वाट पाहणे परवडणारे नव्हते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्ताचे नमुने घेतले गेले आणि त्याच संध्याकाळी कॅस्पोफन्जिन हे बुरशीविरोधी औषध ७० मिलिग्रॅम देऊन दुसऱ्या दिवसापासून रोज ५० मिलिग्रॅम ठेवण्यात आले. वाट न पाहण्याचे आणखी एक कारण होते. खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गात रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, सुमारे निम्म्याच रुग्णांत वाढ दाखवते, त्यामुळे वाढ नसलेला अहवाल आला तरी शंका पूर्ण फिटत नाही.

साधारण छत्तीस तासांनी प्रयोगशाळेतील यंत्राने दोन्ही बाटल्यांत वाढ झाल्याचा इशारा दिला. बाटलीतील थेंब ग्रॅम रंगाने रंगवल्यावर जांभळ्या, कोंब फुटलेल्या, जीवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या लंबगोल पेशी दिसल्या. अहवाल छापण्याची वाट न पाहता प्रयोगशाळेने अतिदक्षता विभागाला फोन केला. त्वचेवरचे काही जीवाणू सुईबरोबर बाटलीत जातात आणि ते दूषण म्हणून सोडून देता येतात, कॅन्डिडाला मात्र ही मुभा नाही. एकाच बाटलीत आले तरी रक्तातील कॅन्डिडा हा संसर्गच मानायचा असतो.

दोन ताटल्यांतील दोन रंग

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर रंगीत माध्यमाच्या ताटल्यांवर मिळाले. या माध्यमावर वेगवेगळ्या प्रजातींच्या वसाहतींना वेगवेगळे रंग येतात. दाखल होतानाच्या तोंडाच्या नमुन्यातील वसाहती हिरव्या होत्या, म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्सच्या, आणि ३७ अंश तापमानाला रक्तद्रवात ठेवल्यावर दोन-अडीच तासांत त्यांना नळीसारखे कोंब फुटले. रक्तातील वसाहती निळ्या होत्या. त्या कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसच्या निघाल्या आणि प्रजाती ओळखणाऱ्या माल्डी-टॉफ यंत्राने त्याची खात्री केली. पोटातील द्रवाची ताटली सुदैवाने जपून ठेवलेली होती, तिच्यावरील यीस्टही ट्रॉपिकॅलिसच होते आणि त्याची औषधांना असलेली संवेदनशीलताही रक्तातील यीस्टशी जुळली. दोन्ही नेमके एकाच वंशाचे होते असे जनुकीय तुलनेशिवाय म्हणता येत नाही, परंतु रक्तातील यीस्टचा मूळ साठा तोंडापेक्षा आतड्यात असण्याची शक्यता त्यामुळे कितीतरी अधिक ठरते. भारतातील २७ अतिदक्षता विभागांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही रक्तातील कॅन्डिडामध्ये ट्रॉपिकॅलिसचे प्रमाण सर्वाधिक, सुमारे ४२ टक्के आढळले होते, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याकडे अनपेक्षित नाही.

आता प्रश्न उरतो तो हा की आतड्यात वर्षानुवर्षे शांत राहिलेले यीस्ट या बारा दिवसांत रक्तात कसे पोहोचले. त्याचे उत्तर यीस्टच्या स्वभावापेक्षा रुग्णाच्या शरीरात घडलेल्या बदलांत अधिक आहे. आतड्यातील जीवाणू, विशेषतः ऑक्सिजनविना जगणारे, यीस्टला जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. मेट्रोनिडॅझोल आणि त्यानंतर मेरोपेनेम यांनी नेमके तेच जीवाणू मोठ्या प्रमाणावर मारले आणि ज्या यीस्टवर या औषधांचा काहीच परिणाम होत नाही त्याला मोकळे रान मिळाले. संख्या वाढणे एवढ्यानेच रक्तप्रवेश होत नाही. त्यासाठी भिंतीला तडा जावा लागतो. येथे ती भिंत दोनदा उघडली गेली होती, एकदा अल्सरने आणि एकदा गळलेल्या टाक्यांनी. शिवाय तोंडावाटे किंवा नळीवाटे काहीच न गेल्याने आतड्याचे आवरणही दुबळे झाले होते. सेंट्रल लाइन हा तिसरा घटक होता. रक्तात आलेल्या थोड्या पेशी प्लास्टिकच्या पृष्ठभागावर चिकटून बायोफिल्म तयार करतात. त्या चिकट थराच्या आत औषध नीट पोहोचत नाही आणि त्यातून पेशी पुन्हापुन्हा रक्तात सुटत राहतात.

रक्तात शिरलेल्या कॅन्डिडाला मारणारी मुख्य पेशी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी आहे. तोंडाचे रक्षण करणारी यंत्रणा आणि रक्ताचे रक्षण करणारी यंत्रणा वेगवेगळ्या आहेत, आणि हा विषय समजण्यात बहुतेक गोंधळ हे लक्षात न घेतल्याने होतो. उपचाराविना एचआयव्ही असलेल्या, सीडी४ नावाच्या टी पेशी २०० च्या खाली गेलेल्या रुग्णांत तोंडातील थर आणि गिळताना दुखवणारा अन्ननलिकेतील कॅन्डिडा अतिशय नेहमीचा असतो, तरी त्यांच्या रक्तात कॅन्डिडा क्वचितच उतरतो, कारण त्यांचे न्यूट्रोफिल बहुतांशी शाबूत असतात. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या, न्यूट्रोफिल जवळजवळ संपलेल्या रुग्णांत मात्र रक्तातील कॅन्डिडाचा धोका मोठा असतो. उंदरांवरील प्रयोगांतही आतड्यात कॅन्डिडा असताना केवळ न्यूट्रोफिल कमी करून किंवा केवळ आतड्याचे आवरण जखमी करून तो शरीरभर पसरला नाही. दोन्ही एकत्र घडले तेव्हाच पसरला. आपल्या रुग्णाचे न्यूट्रोफिल संख्येने भरपूर होते, पण दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने त्यांची मारकशक्ती घटते, आणि तुटलेल्या भिंतीतून व लाइनवरून सतत पेशी येत राहिल्या तर संख्येचाही उपयोग मर्यादितच राहतो.

त्यामुळे तोंडातील थराने मुलाला वाटले तसे काम केले नव्हते, तरी त्याने एक गोष्ट आधीच सांगितली होती : या माणसाची साखर कित्येक महिने हाताबाहेर आहे.

उपचार आणि डोळा

चौदाव्या दिवशी अहवाल येताच सेंट्रल लाइन काढली आणि हाताच्या शिरांतून सलाईन सुरू ठेवले. त्याच दिवशी जेजुनममधील नळीवाटे ताशी २० मिलिलिटर पातळ आहार सुरू झाला आणि तो सहन होत गेला तसे शिरेतील पोषण बंद करण्यात आले. अन्न आतड्यातून गेले की आवरण पुन्हा भरू लागते, म्हणून हा बदल येथे औषधाइतकाच आवश्यक होता. इन्सुलिन शिरेतून देऊन साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवली गेली.

रक्ताचे कल्चर एक दिवसाआड पुन्हा घेण्यात आले. चौदाव्या दिवसाच्या नमुन्यात वाढ झाली, सोळाव्या आणि अठराव्या दिवसाच्या नमुन्यांत झाली नाही. हे नमुने केवळ औपचारिकतेसाठी घेतलेले नसतात. औषधाचे चौदा दिवस पहिल्या मात्रेपासून न मोजता पहिल्या वाढरहित नमुन्यापासून मोजायचे असतात, आणि तो दिवस माहीत नसेल तर उपचार कधी थांबवायचा हे ठरवता येत नाही.

अठराव्या दिवशी ताप नव्हता, रक्तदाब औषधाविना स्थिर होता आणि रुग्ण खुर्चीत बसू लागले होते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांनी खाटेजवळ येऊन बाहुली मोठी करणारे थेंब घातले आणि दृष्टिपटल तपासले. उजव्या डोळ्यात मध्यबिंदूपासून थोडे दूर, कापसाच्या बोंडाच्या तंतूंसारखे अस्पष्ट कडांचे दोन लहान पांढरट ठिपके होते. डोळ्याच्या पोकळीतील काचद्रव स्वच्छ होता. रुग्णाने दिसण्याबद्दल एकदाही तक्रार केली नव्हती, आणि विचारल्यावरही "दिसते की नीट" असेच ते म्हणाले. रक्तातून पसरलेला कॅन्डिडा डोळ्यात, हृदयाच्या झडपांवर, हाडांत आणि मूत्रपिंडांत रुजू शकतो. सुरुवातीला डोळ्यातील ठिपक्यांची काहीच लक्षणे नसू शकतात, म्हणून तक्रार नसली तरी पहिल्या आठवड्यात दृष्टिपटल पाहायचे असते. हृदयाची सोनोग्राफी सामान्य होती.

या दोन ठिपक्यांनी उपचाराचा आराखडा बदलला. रक्तातील कॅन्डिडासाठी कॅस्पोफन्जिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे, परंतु ते डोळ्यात, मेंदूत आणि लघवीत पुरेसे पोहोचत नाही. फ्लुकोनॅझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध डोळ्यात चांगले पोहोचते, फक्त यीस्ट त्याला दाद देणारे असावे लागते. ट्रॉपिकॅलिसच्या काही वंशांत फ्लुकोनॅझोलला विरोध आढळतो, म्हणून संवेदनशीलतेच्या अहवालाशिवाय हा बदल करणे योग्य नव्हते. येथील यीस्टची वाढ १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतक्या कमी मात्रेत थांबत होती आणि २ पर्यंतची मात्रा संवेदनशील मानली जाते. पहिल्या दिवशी ८०० आणि नंतर रोज ४०० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल सुरू झाले. चौदा दिवसांचा उपचार आता किमान चार ते सहा आठवड्यांचा झाला आणि तो केव्हा संपवायचा हे रक्तापेक्षा डोळ्यावरून ठरणार होते. अठराव्या दिवशी डोळा पाहिला गेला नसता, तर औषध तिसाव्या दिवशी थांबले असते आणि ठिपके काचद्रवात पसरून दृष्टी जाण्याचा धोका राहिला असता.

सत्ताविसाव्या दिवशी रुग्ण फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या घेऊन घरी गेले. घरी जाताना सर्वाधिक वेळ गेला तो त्यांच्या मधुमेहाच्या गोळीवर. ते पूर्वी ग्लिमेपिराइड घेत असत. फ्लुकोनॅझोल यकृतातील ज्या विकराला अडवते त्यानेच ग्लिमेपिराइडचा निचरा होतो, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गावी परतल्यावर जुनी गोळी पुन्हा सुरू होण्याची शक्यता मोठी होती, म्हणून घरातील उरलेल्या गोळ्या बाजूला काढण्यास मुलाला सांगितले गेले, इन्सुलिन देण्याची पद्धत त्याच्याकडून करून घेतली गेली आणि गावातील डॉक्टरांच्या नावे ही सूचना चिठ्ठीवर लिहून दिली गेली. फ्लुकोनॅझोल सहा आठवडे चालले. तिसऱ्या आठवड्यातील तपासणीत ठिपके आकसलेले होते, सहाव्या आठवड्यात त्यांच्या जागी फिकट, स्पष्ट कडांचे व्रण होते, आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी चष्म्यासह ६/९ होती. त्याच दिवशी औषध थांबवून एका महिन्याने डोळा पुन्हा पाहण्याची तारीख देण्यात आली.